काम लांबलंय हे क्लायंटला फोनवर कसं सांगायचं

दिलेली तारीख पाळता येणार नाही हे कळल्यावर नवखा माणूस सहसा दोनपैकी एक चूक करतो. एक तर शेवटच्या संध्याकाळपर्यंत गप्प बसतो, नाहीतर लगेच फोन उचलून 'मॅडम, थोडा उशीर होतोय, दोन-तीन दिवसांत करून देतो' असं सांगून मोकळा होतो. दुसरी चूक जास्त महागात पडते. 'दोन-तीन दिवस' म्हटलं की समोरचा माणूस दोन ऐकतो आणि आपल्या मनात तीन असतात. प्रत्यक्षात लागतात सात, कारण तो आकडा कुठल्याच हिशेबातून आलेला नसतो. मग त्याच कामासाठी उशिराचा दुसरा फोन करावा लागतो.

म्हणून आधी हिशेब आणि मग फोन. एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू या.

एका गोदामासाठी साठ्याच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर बसवायचं आहे. क्लायंटकडच्या जुन्या एक्सेलमध्ये १२,४०० वस्तू आहेत. त्या साफ करून नव्या सिस्टीममध्ये चढवायच्या आणि शुक्रवारी, १३ तारखेला, सगळं तयार द्यायचं असं ठरलं होतं. त्याच शुक्रवारी क्लायंटच्या माणसांचं प्रशिक्षण आहे आणि सोमवारी, १६ तारखेला, नव्या सिस्टीमवर काम सुरू व्हायचं आहे. अंदाज बांधताना टीमने यादीतल्या पहिल्या २०० ओळी पाहिल्या. त्यांत १० ओळी शंकास्पद निघाल्या, म्हणजे पाच टक्के. त्या हिशेबाने पूर्ण यादीत सव्वासहाशेच्या आसपास ओळी हाताने तपासाव्या लागतील, एका दिवसाचं काम, असं धरलं. गुरुवारी ५ तारखेला पूर्ण यादी तपासली तेव्हा शंकास्पद ओळी निघाल्या ४,२००. पहिल्या दोनशे ओळी एकाच विभागातल्या आणि नीट भरलेल्या होत्या. पुढे मात्र एकच वस्तू तीन नावांनी, कुठे किलोत तर कुठे पोत्यात, अशी नोंदलेली होती.

फोनच्या आधी: तारीख कशी काढायची

नवी तारीख काढताना 'क्लायंटला किती चालेल' इथून सुरुवात करू नका. काम किती उरलंय आणि ते रोज किती सरकतंय, हे दोनच आकडे आधी हवेत. दुसरा आकडा मोजलेला असावा. मनातला वेग नेहमी खऱ्या वेगापेक्षा जास्त असतो, कारण मनातल्या दिवसात मीटिंगा नसतात.

आपल्या उदाहरणात शुक्रवार ६ आणि सोमवार ९ या दोन दिवसांत दोन जणांनी मिळून १,२०० ओळी निपटल्या. म्हणजे दिवसाला ६००. उरल्या ३,०००, म्हणजे पाच दिवस. त्यानंतर सिस्टीममध्ये चढवून चाचणी घ्यायला एक दिवस आणि क्लायंटच्या माणसाला तपासायला एक दिवस. हा शेवटचा दिवस बहुतेक जण विसरतात. 'आमच्याकडून झालं' आणि 'तुम्हाला वापरता येतं' यांत जे अंतर असतं ते क्लायंटच्याच वेळातून जातं, म्हणून ते तारखेत धरलेलं असलं पाहिजे.

आता क्लायंटच्या बाजूने पाहा. त्यांचं सगळ्यात जास्त काय अडतंय? शुक्रवारचं प्रशिक्षण. प्रशिक्षणाला पूर्ण यादी लागत नाही, रोज हलणाऱ्या वस्तू असल्या की पुरे. उरलेल्या ३,००० मध्ये अशा ९०० आहेत. त्या आधी घेतल्या तर पूर्ण मंगळवार आणि बुधवारी दुपारपर्यंतचा वेळ एवढ्यात होतात. त्या आणि आधीच साफ असलेल्या वस्तू मिळून १०,३०० वस्तू वेगळ्या चढवायला अर्धा दिवस जादा लागेल, पण गुरुवारी संध्याकाळी त्या क्लायंटच्या हातात असतील आणि शुक्रवारचं प्रशिक्षण वाचेल. हा अर्धा दिवस फुकट येत नाही, तो हिशेबात मिळवा.

पाच, अर्धा, एक आणि एक, मिळून साडेसात कामाचे दिवस. मंगळवार १० पासून शनिवार-रविवार सोडून मोजले तर गुरुवार १९ ची दुपार येते. ही तारीख फोनवर सांगायची नाही. तिच्यावर उरलेल्या कामाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी राखीव वेळ ठेवा, इथे दीड दिवस, आणि शुक्रवार २० तारीख, संध्याकाळी ५ अशी वेळ द्या. राखीव वेळ ठेवणं म्हणजे लबाडी असं काही जणांना वाटतं. एखादा माणूस आजारी पडला किंवा एखाद्या वस्तूचं एकक क्लायंटलाच ठरवता आलं नाही, तर तो दीड दिवस तिथे जातो. मात्र साडेसात दिवसांच्या कामाला चार दिवस राखीव ठेवलेत तर क्लायंट प्रश्न विचारेल आणि तुम्हाला हिशेब मांडता येणार नाही.

आता एका कागदावर पाच ओळी लिहा: काय झालं, काय उरलं, कशामुळे, नवी तारीख आणि वेळ, मधल्या काळात त्यांना काय मिळेल. फोनवर हा कागद समोर असू द्या, पण वाचून दाखवू नका. वाचलेलं लगेच ओळखू येतं.

फोन कधी करायचा

तारीख हुकणार हे कळल्यावर एका कामाच्या दिवसात. पण हिशेबाला दोन दिवस लागणार असतील तर? मग फोन दोन करायचे. पहिला फक्त इशारा: 'मॅडम, यादीत अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त शंकास्पद ओळी निघाल्यात. १३ तारीख धोक्यात आहे. मंगळवारी सकाळी ११ ला नक्की आकड्यासह फोन करते.' आपल्या टीमने हा पहिला फोन शुक्रवारी करायला हवा होता, तो केला नाही. ही चूक पुढे फोनवर निघणार आहे, ती लक्षात ठेवा.

वेळ सकाळची बरी, कारण त्या दिवशी क्लायंटला आपल्या माणसांना सांगायला अवधी मिळतो. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला अशी बातमी देऊन फोन ठेवणाऱ्याबद्दल लोक काय बोलतात ते न ऐकलेलंच बरं. फोन उचलला नाही तर सगळं मेसेजमध्ये उतरवू नका. एवढंच लिहा: '१३ तारखेच्या वेळापत्रकाबद्दल दहा मिनिटं बोलायचं आहे. १२ च्या आत कधी फोन करू?' 'वेळापत्रक' हा शब्द मुद्दाम ठेवायचा, म्हणजे समोरच्याला विषय कळतो आणि तो हातातली इतर कामं बाजूला ठेवतो.

पहिलं अर्धं मिनिट

'कशा आहात, वेळ आहे का' एवढं झालं की थेट बातमी. पहिल्या दोन वाक्यांत जुनी तारीख, ती हुकणार हे, आणि नवी तारीख, तिन्ही यायला हवं.

'मॅडम, १३ तारखेला पूर्ण यादी तयार देता येणार नाही. ती २० तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंत मिळेल. तुमचं १३ चं प्रशिक्षण मात्र ठरल्याप्रमाणे होईल, त्यासाठी लागणाऱ्या वस्तू गुरुवारी संध्याकाळी सिस्टीममध्ये असतील. पण १६ ला काम सुरू करता येणार नाही, ते २३ वर न्यावं लागेल.'

शेवटचं वाक्य जड आहे, म्हणून नवखे ते गाळतात. क्लायंटला ते आपणहून समजेल असं धरतात, किंवा खरं तर समजू नये अशी आशा करतात. उशिराचा परिणाम त्यांच्या कामावर कुठे पडतो ते आपणच बोललं पाहिजे. नाहीतर फोन ठेवल्यावर दहा मिनिटांनी त्यांच्या लक्षात येतं आणि चिडलेला दुसरा फोन येतो.

एवढं बोलून थांबा. समोर शांतता असेल. ती तीन-चार सेकंद टिकते आणि खूप लांब वाटते. बहुतेक सबबी या शांततेत जन्माला येतात: 'म्हणजे काय झालं ना मॅडम, आमचा एक मुलगा नेमका सुट्टीवर होता, आणि त्यात लाइटचा प्रॉब्लेम...' हे कोणी विचारलेलं नसतं. त्यांना हिशेब करू द्या, त्या मनातल्या मनात २३ तारीख तपासत असतात.

कारण आणि सबब

कारण सांगायचंच आहे. न सांगितलं तर लपवल्यासारखं वाटतं आणि नव्या तारखेवर विश्वास बसायला आधारही राहत नाही. फरक वाक्याच्या रचनेत असतो, आणि मराठीत तो पकडणं सोपं आहे. 'राहून गेलं', 'होऊ शकलं नाही', 'लक्षात आलं नाही', 'उशीर झाला' या वाक्यांत करणारा माणूस कुठेच नाही. काम जणू आपोआप राहिलं. बोलताना ही वाक्यं सहज तोंडात येतात, आपल्याला ती नम्रही वाटतात, पण ऐकणाऱ्याला त्यात अंग काढून घेणं दिसतं. कारणाच्या वाक्यात 'आम्ही' आणि एक पूर्ण क्रियापद असू द्या.

'आम्ही अंदाज पहिल्या २०० ओळींवरून बांधला. त्या सगळ्या एकाच विभागातल्या होत्या. यादीच्या वेगवेगळ्या भागांतून ओळी घ्यायला हव्या होत्या, तशा आम्ही घेतल्या नाहीत. त्यामुळे हाताने तपासायच्या ओळी ६२० धरल्या आणि निघाल्या ४,२००.'

चार वाक्यं आणि बास. यात माफी एकदा, साध्या शब्दांत: 'याबद्दल माफ करा.' दर वाक्याला 'सॉरी मॅडम' म्हटलं की शेवटी त्यांनाच तुमची समजूत काढत बसावं लागतं.

आपलं कारण खरं कारण आहे की सबब, याची एक चाचणी: त्या कारणातून नवी तारीख कशी आली हे दाखवता येतं का? ४,२०० ओळींचा आकडा थेट हिशेबात जातो. 'सध्या कामाचा खूप लोड आहे' यातून कुठलीच तारीख निघत नाही.

अवघड जागा येते ती उशिरात क्लायंटचाही वाटा असतो तेव्हा. समजा यादी २ तारखेला मिळायची होती आणि मिळाली ४ ला. हे पहिल्या फेरीत काढू नका. दोन दिवस आधी मिळाली असती तरी ३,००० ओळींचा प्रश्न सुटला नसता, आणि तुम्ही ते काढलंत की पुढची पाच मिनिटं फक्त त्यावर जातात. त्यांनी विचारलंच तर तारखा सांगा, दोष नको: 'यादी आमच्याकडे ४ तारखेला आली. त्याचे दोन दिवस आहेत, बाकीचा उशीर आमच्या अंदाजामुळे आहे.' उशिराचं मुख्य कारणच क्लायंटकडचं असेल तर ते पहिल्या मिनिटातच सांगायचं, पण तेही तारखांच्या भाषेत.

समोरून येणारे प्रश्न

*'हे तुम्हाला कळलं कधी?'* हा प्रश्न हमखास येतो आणि इथेच माणूस खोटं बोलतो. खरं उत्तर असं: 'आकडा गुरुवारी संध्याकाळी कळला. काम किती वेगाने होतंय ते बघायला आम्ही शुक्रवार आणि सोमवार घेतले. पण शुक्रवारीच तुम्हाला कल्पना द्यायला हवी होती, ती मी दिली नाही.' इथे 'काल रात्रीच कळलं' म्हणून सुटता येतं असं वाटतं. पण सोमवारपर्यंत १,२०० ओळी झाल्याचं तुम्हीच नंतर सांगणार असता, आणि दोन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत.

*'मग माणसं वाढवा ना.'* इथे 'बघतो' म्हणू नका. 'बघतो' म्हणजे त्यांच्या लेखी हो. हिशेब आधीच करून ठेवलेला असावा. बुधवारी तिसरा माणूस घेतला तर त्याला वस्तूंची एककं आणि नावं शिकवण्यात त्याचा तो दिवस जातो, शिवाय शिकवणाऱ्याचाही अर्धा. गुरुवारपासून दिवसाला ९०० ओळी झाल्या तरी एक दिवससुद्धा पुरता वाचत नाही. शिवाय शंकांची उत्तरं देणारा क्लायंटच्या स्टोअरचा माणूस एकच आहे, त्याच्याकडे शंका साठत जातील. हे असंच सांगा. माणसं वाढवून खरंच तीन दिवस वाचत असतील तर हा पर्याय त्यांनी सुचवायच्या आधी तुम्हीच मांडायला हवा होता.

*'१८ ला नाही का होणार?'* ही घासाघीस आहे, आणि दडपणाखाली 'हो, प्रयत्न करतो' म्हणायचा मोह अनावर होतो. तारीख हलवायची असेल तर कामही हलवा: '१८ ला हवं असेल तर तुमच्या माणसाच्या तपासणीचा एक दिवस आणि आमची राखीव वेळ सोडावी लागेल. न तपासलेली यादी घेऊन काम सुरू करणं मी सुचवणार नाही.' कामात काहीही न बदलता तुम्ही तारीख दोन दिवस अलीकडे आणलीत तर २० तारीख फुगवलेली होती असंच ठरतं.

*'यावेळी काहीतरी कमी करा बिलात.'* तुम्हाला अधिकार नसेल तर फोनवर होही नाही आणि नाहीही नाही. 'हे मी ठरवू शकत नाही. आज ४ पर्यंत आमच्या मॅनेजरशी बोलून तुम्हाला कळवते.' आणि ४ ला कळवायचं, उत्तर मिळालं नसलं तरी. करारात उशिराबद्दल काय लिहिलंय ते फोनआधी वाचून ठेवा.

समोरचा चिडला, आवाज चढला, तर मध्ये बोलू नका आणि त्यांच्या रागाला उत्तरही देऊ नका. त्यांचं नुकसान त्यांच्याच शब्दांत एकदा म्हणा: 'म्हणजे जुनं रजिस्टर आणखी एक आठवडा चालवावं लागेल, आणि तुमच्या माणसांना तुम्ही १६ सांगितलं होतं.' 'मी समजू शकते' याचा यापेक्षा निम्माही उपयोग होत नाही.

फोन ठेवण्याआधी दोन गोष्टी

एक, मधला टप्पा. वीस तारखेपर्यंत क्लायंटने नुसती वाट बघायची नाही. 'गुरुवारी संध्याकाळी ६ ला मी आकडा कळवते. तोपर्यंत १,५०० ओळी उरलेल्या असायला हव्यात.' टीमने आपल्यापुरतं आणखी एक ठरवून ठेवावं: गुरुवारी २,००० पेक्षा जास्त उरल्या असतील तर दीड दिवसाच्या राखीव वेळेतला निम्म्याहून जास्त भाग संपलेला आहे, आणि हे त्याच संध्याकाळी फोन करून सांगायचं, मेसेजवर नाही.

दोन, त्यांच्याकडून काय हवंय. 'एककांच्या शंका आम्ही रोज ५ पर्यंत पाठवू, त्यांची उत्तरं दुसऱ्या दिवशी ११ पर्यंत लागतील. ती देणारं नक्की कोण?' नाव घ्या. ही अट नव्या तारखेचा भाग आहे, आणि ती आजच बोलली गेली तर अट राहते. १९ तारखेला काढलीत तर ती सबब ठरते.

फोननंतर

पंधरा मिनिटांत ईमेल. फोनवर ऐकलेल्या तारखा माणसं आपापल्या सोयीने लक्षात ठेवतात. मजकूर छोटा ठेवा:

> नमस्कार मॅडम,
> आत्ताच्या बोलण्याप्रमाणे:
> गुरुवार १२, सायं. ६ – १०,३०० वस्तू सिस्टीममध्ये. उरलेल्या कामाचा आकडा
> शुक्रवार १३ – प्रशिक्षण, ठरल्याप्रमाणे
> बुधवार १८ दुपार ते गुरुवार १९ दुपार – तुमच्याकडून तपासणी
> शुक्रवार २०, सायं. ५ – पूर्ण यादी तयार
> सोमवार २३ – नव्या सिस्टीमवर काम सुरू
> एककांच्या शंकांची उत्तरं रोज सकाळी ११ पर्यंत तुमच्या स्टोअर विभागाकडून.
> यात काही वेगळं ठरलं असेल तर आज कळवा.

यात कारण पुन्हा लिहायची गरज नाही, ते फोनवर बोलून झालंय. मागाहून त्यांनी लेखी मागितलं तर तीच चार वाक्यं द्या, नवी भर घालू नका.

आणि २० तारीखही हुकणार असं दिसलं तर? पुन्हा एक तारीख देऊन चालत नाही. तेव्हा फोन तुमच्या वरच्या माणसाने करायचा, तुम्ही सोबत असायचं, आणि तारखेआधी काम कमी करण्याचं बोलायचं: कुठल्या वस्तू २३ ला नसल्या तरी गोदाम चालेल? वर्षभरात न हललेल्या वस्तू बहुतेक ठिकाणी बाजूला काढता येतात, आणि त्या नंतर निवांत चढवता येतात.